सॅनिटायझरमधलं इथेनॉल मोजताना इंटर्नल स्टँडर्ड कसं वापरायचं

गॅस क्रोमॅटोग्राफवर नवीन माणूस पहिल्या दिवशी एकच द्रावण पाच वेळा इंजेक्ट करतो आणि पाच वेगवेगळे पीक एरिया, म्हणजे आलेखावरच्या शिखरांची क्षेत्रफळं, पाहून गोंधळतो. मशीन बिघडलं का? बहुतेक वेळा मशीन ठीक असतं. गडबड सिरिंजमध्ये असते.

साधी दहा मायक्रोलिटरची सिरिंज घ्या. दट्ट्या शून्यावर असला तरी तिच्या सुईत सुमारे ०.६ ते ०.८ मायक्रोलिटर द्रावण उरतंच. बॅरलवर तुम्ही अर्धा मायक्रोलिटर मोजलात आणि सुई दोनशे अंशांच्या इंजेक्टरमध्ये घातलीत, की सुईतलं हे न मोजलेलं द्रावणही उकळून आत जातं. ते किती जाईल हे तुम्ही सुई किती वेळ आत ठेवलीत आणि किती झटक्यात दाबलंत यावर ठरतं. म्हणजे कागदावर ०.५ मायक्रोलिटर, प्रत्यक्षात कधी ०.९, कधी १.२. इंजेक्टरच्या तोंडावरची रबरी चकती, म्हणजे सेप्टम, जुना असेल तर त्यातून थोडी वाफ निसटते ती वेगळीच.

यावरचा उपाय म्हणजे इंटर्नल स्टँडर्ड. मोजायच्या द्रावणात दुसरा एक पदार्थ ठरावीक प्रमाणात मिसळून ठेवायचा. इंजेक्शन दहा टक्के कमी झालं तर दोन्ही पदार्थ दहा-दहा टक्के कमी आत जातात, दोन्ही एरिया त्याच प्रमाणात घटतात, आणि एकाला दुसऱ्याने भागलं की ती घट भागाकारात निघून जाते. तत्त्व एवढंच आहे. पण दुरुस्ती नेमकी कशाची होते आणि कशाची होत नाही, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ: द्रवरूप हँड सॅनिटायझरमधलं इथेनॉल. २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरींनी सॅनिटायझर बनवायला घेतलं, तेव्हा ही चाचणी बऱ्याच छोट्या प्रयोगशाळांच्या टेबलावर आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या इथेनॉलच्या सूत्रात ८० टक्के इथेनॉल (आकारमानाने), १.४५ टक्के ग्लिसरॉल आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, बाकी पाणी. आपला नमुना तसाच आहे असं धरू.

कोणता पदार्थ निवडायचा

इथे एन-प्रोपेनॉल घेऊ. तो इथेनॉलचाच भाऊबंद आहे: पाण्यात पूर्ण मिसळतो, ९७ अंशांना उकळतो (इथेनॉल ७८ ला), आणि इंजेक्टरमध्ये दोघंही जवळपास सारखेच वागतात. कॉलमवर मात्र दोन पीक व्यवस्थित सुटे होतात. रक्तातल्या अल्कोहोलच्या चाचणीतही एन-प्रोपेनॉल याच कामाला वापरतात.

एक अट मात्र कधीही विसरायची नाही. इंटर्नल स्टँडर्ड म्हणून घेतलेला पदार्थ नमुन्यात मुळीच नसावा. काही सॅनिटायझर एन-प्रोपेनॉलचेच बनवलेले असतात, काहींत आयसोप्रोपेनॉल असतं. म्हणून नमुन्याचं पातळ द्रावण आधी इंटर्नल स्टँडर्ड न घालता एकदा इंजेक्ट करा आणि एन-प्रोपेनॉल ज्या वेळेला येतो तिथली बेसलाइन सपाट आहे का ते बघा. तिथे छोटासा उंचवटा दिसला तरी थांबा. नमुन्यातलं प्रोपेनॉल तुमच्या प्रोपेनॉलमध्ये मिसळलं की छेद वाढतो, गुणोत्तर घटतं आणि इथेनॉल आहे त्यापेक्षा कमी दिसतं. गंमत म्हणजे आकडे अगदी एकसारखे येतात, त्यामुळे शंकाही येत नाही. अशा वेळी एन-ब्युटेनॉलसारखा दुसरा पदार्थ घ्यावा लागतो, आणि त्याच्यासाठीही हीच तपासणी पुन्हा करावी लागते.

द्रावणं

पहिलं, इंटर्नल स्टँडर्डचं द्रावण. सुमारे ५ ग्रॅम एन-प्रोपेनॉल पाण्यात घेऊन ५०० मिलिलिटर करा. झालं साधारण १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. साधारण म्हणतोय ते मुद्दाम. याची अचूक तीव्रता माहीत असण्याची गरज नाही. प्रत्येक स्टँडर्डमध्ये, म्हणजे माहीत तीव्रतेच्या इथेनॉलच्या द्रावणात, आणि प्रत्येक नमुन्यात याच बाटलीतलं तेवढंच द्रावण गेलं पाहिजे, इतकंच. तीव्रता ९.८ असो की १०.३, ती या स्टँडर्डवरून काढायच्या कॅलिब्रेशनच्या रेषेतही बसते आणि नमुन्यातही, म्हणून शेवटी कटते. पण पुढच्या आठवड्यात बाटली संपून नवी बनवलीत, तर जुनी रेषा त्या नव्या बाटलीला लागू होत नाही. नवी बाटली, नवी रेषा.

दुसरं, इथेनॉलचा स्टॉक. याची तीव्रता मात्र अचूक हवी, कारण सगळं उत्तर याच्यावर उभं आहे. १०० मिलिलिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये आधी अर्धं पाणी घाला, फ्लास्क तराजूवर ठेवून शून्य करा, मग सुमारे १ ग्रॅम ॲब्सोल्यूट इथेनॉल पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली नेऊन सोडा. बूच लावा, वजन चार दशांशांपर्यंत नोंदवा. कोरड्या फ्लास्कमध्ये इथेनॉल ओतलं तर वजन वाचेपर्यंत आकडा डोळ्यांदेखत उतरत जातो, म्हणून पाणी आधी. इथेनॉल आणि पाणी मिसळताना द्रावण थोडं गरम होतं. खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच खुणेपर्यंत भरा. उदाहरणात आपलं वजन १.००० ग्रॅम भरलं असं धरू, म्हणजे स्टॉक १०.०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. तुमचं जे खरं वजन असेल, तेच पुढे वापरायचं.

आता ५० मिलिलिटरचे पाच फ्लास्क ओळीने मांडा. प्रत्येकात त्याच एका ५ मिलिलिटरच्या पिपेटने इंटर्नल स्टँडर्ड घाला. मग इथेनॉलचा स्टॉक अनुक्रमे २, ४, ५, ६ आणि ८ मिलिलिटर, आणि पाण्याने खुणेपर्यंत. इथेनॉल झालं ०.४, ०.८, १.०, १.२ आणि १.६ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. प्रोपेनॉल सगळ्यांत सारखं, सुमारे १. इंटर्नल स्टँडर्डची पातळी रेंजच्या मधोमध ठेवली की दोन्ही पीक तुलनेने सारख्या उंचीचे येतात. एक डोंगर आणि एक टेकाड अशी जोडी असेल तर टेकाडाच्या इंटिग्रेशनमधली चूक सगळ्या गुणोत्तरात उतरते.

नमुन्यासाठीही तीच पद्धत. १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये अर्धं पाणी, त्यात सुमारे १.४ ग्रॅम सॅनिटायझर वजनाने, मग खुणेपर्यंत. त्यातले ५ मिलिलिटर एका ५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये, त्यावर इंटर्नल स्टँडर्डचे ५ मिलिलिटर, आणि पाणी. हे असं केलं की इथेनॉल १ च्या जवळपास पडतं, रेषेच्या अगदी मध्ये.

इंटर्नल स्टँडर्डच्या पिपेटबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण मी स्वतः इथेच एकदा फसलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्टँडर्ड सकाळी एका पिपेटने बनवले आणि नमुने दुपारी दुसऱ्या पिपेटने. त्या दुसऱ्या पिपेटचं टोक किंचित फुटलेलं होतं आणि ती दर वेळी थोडं कमी सोडत होती. प्रत्येक नमुन्याची तीन-तीन इंजेक्शनं सुरेख जुळत होती, तरी सगळे नमुने एकाच बाजूला, वर, सरकले होते. माझी दोन दिवसांची मेहनत पाण्यात गेली. इंटर्नल स्टँडर्ड तुमच्या इंजेक्शनची चूक पुसतं, पण ते स्वतःच चुकीच्या प्रमाणात पडलं तर ती चूक पुसणारं कुणी नाही. म्हणून एकच बाटली, एकच पिपेट, एकाच बैठकीत.

मशीन आणि इंजेक्शन

फ्लेम आयोनायझेशन डिटेक्टर, म्हणजे एफआयडी, आणि ६२४ प्रकारचा कॉलम (३० मीटर लांब, ०.३२ मिलिमीटर व्यासाचा, १.८ मायक्रॉनच्या जाड थराचा) या कामाला चांगला. ओव्हन ५० अंशांवर पाच मिनिटं, नंतर मिनिटाला २० अंशांनी २०० पर्यंत. इंजेक्टर २००, डिटेक्टर २५०, स्प्लिट एकास वीस. आधी इथेनॉल येतो, मागून प्रोपेनॉल, आणि आयसोप्रोपेनॉल असलंच तर या दोघांच्या मध्ये. ग्लिसरॉल मात्र इंजेक्टरमधल्या काचेच्या नळीत, म्हणजे लायनरमध्ये, साचत राहतं. लायनर वरचेवर बदला.

पाण्याच्या द्रावणाची एक खोड आहे. एक मायक्रोलिटर पाणी इंजेक्टरच्या तापमानाला आणि दाबाला सुमारे सव्वा मिलिलिटर वाफ होतं, आणि नेहमीचा चार मिलिमीटर व्यासाचा लायनर जेमतेम एक मिलिलिटरचा असतो. जास्त इंजेक्ट केलंत तर वाफ लायनरबाहेर, सेप्टमच्या बाजूला उसळते. ती उसळलेली वाफ दोन्ही पदार्थांची सारख्याच प्रमाणात बाहेर जाईल याची खात्री नसते, त्यामुळे इंटर्नल स्टँडर्ड असलं तरी हे दुखणं पूर्ण जात नाही.

म्हणून असं करा. सिरिंज त्याच द्रावणाने पाच-सहा वेळा धुऊन घ्या, बुडबुडे घालवा, दट्ट्या शून्यावर ठेवा. सुई आता भरलेली आहे. सुई द्रावणाबाहेर काढून पुसा आणि दट्ट्या एक-दोन मायक्रोलिटर मागे ओढा, म्हणजे हवा आत येते आणि सुईतलं सगळं द्रावण बॅरलमध्ये दिसू लागतं, साधारण ०.७ मायक्रोलिटर. सुई रिकामी असल्यामुळे आत शिरल्याबरोबर काही उकळत नाही. सुई घाला, लगेच दाबा, दर वेळी तेवढ्याच वेळाने बाहेर काढा.

एरिया मोजा, उंची नको. हळू दाबलं की पीक थोडा पसरतो आणि बुटका होतो. एरिया त्यातून बराचसा सुटतो, उंची नाही.

गुणोत्तर काय करतं ते पाहू

मधल्या स्टँडर्डची, म्हणजे १.० च्या फ्लास्कची, पाच इंजेक्शनं. आकडे नवशिक्या हाताचे आहेत, उदाहरणासाठी घेतलेले:

| इंजेक्शन | इथेनॉल एरिया | प्रोपेनॉल एरिया | गुणोत्तर |
|---|---|---|---|
| १ | १,५२,००० | २,००,००० | ०.७६० |
| २ | १,३७,४०० | १,८१,९०० | ०.७५५ |
| ३ | १,६६,१०० | २,१८,२०० | ०.७६१ |
| ४ | १,४४,९०० | १,८९,७०० | ०.७६४ |
| ५ | १,५८,६०० | २,०९,३०० | ०.७५८ |

नुसता इथेनॉलचा एरिया पाहिला तर सापेक्ष प्रमाण विचलन ७.४ टक्के येतं. एवढ्या पसरटपणावर कुठलाही रिपोर्ट देता येणार नाही. गुणोत्तराचं विचलन मात्र ०.४३ टक्के. हात तोच, सिरिंज तीच.

या तक्त्यात आणखी एक गोष्ट शोधायची सवय लावा: मोठ्या इंजेक्शनला गुणोत्तर नेहमी एका बाजूला झुकतंय का? इथे तसं नाही. सगळ्यात लहान इंजेक्शनला (दुसरं) ०.७५५, त्याहून जरा मोठ्याला (चौथं) ०.७६४, सगळ्यात मोठ्याला (तिसरं) ०.७६१; ओळ लागत नाही. ओळ लागली असती, म्हणजे एरिया वाढत जाताना गुणोत्तरही चढत किंवा उतरत गेलं असतं, तर समजायचं की दोन पदार्थ सारखे वागत नाहीत: लायनर भरून वाहतोय, किंवा एखादा पीक डिटेक्टरच्या सरळ रेषेच्या पलीकडे गेलाय. नुसता विचलनाचा आकडा हे सांगत नाही.

आणि गुणोत्तर १ न येता ०.७६ का? एफआयडी हायड्रोजनला जोडलेला कार्बन मोजतो. ऑक्सिजनला चिकटलेल्या कार्बनला तो कमी प्रतिसाद देतो. ढोबळ हिशोबात इथेनॉलचे दोन कार्बन १.४ एवढेच भरतात आणि एन-प्रोपेनॉलचे तीन २.४ एवढे. रेणुभाराने भागा: १.४ भागिले ४६.०७, आणि २.४ भागिले ६०.१०. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ०.७६. हा हिशोब कॅलिब्रेशनची जागा घेत नाही, पण राखणदाराचं काम उत्तम करतो. तुमचं गुणोत्तर ०.६ किंवा १.१ येत असेल तर आधी स्टॉकच्या वजनाची वही उघडा.

रेषा आणि उत्तर

पाचही स्टँडर्ड प्रत्येकी तीनदा इंजेक्ट करून सरासरी गुणोत्तर काढलं: ०.३०६, ०.६०९, ०.७६०, ०.९१३, १.२१४. आडव्या अक्षावर इथेनॉलची तीव्रता, उभ्यावर गुणोत्तर. रेषा येते अशी:

```
गुणोत्तर = ०.७५७ × तीव्रता + ०.००३४
```

छेदनबिंदू शून्याच्या इतका जवळ आहे ही चांगली खूण. तो ०.०५ च्या घरात गेला असता तर मी ब्लँक पाण्यात इथेनॉलचा पीक शोधला असता. टेबलावर कुणी हात सॅनिटायझरने पुसत असेल तर तोही येतो, हसू नका.

आता नमुना. वजन १.४१२० ग्रॅम. तीन इंजेक्शनांचं सरासरी गुणोत्तर ०.७८२.

```
तीव्रता = (०.७८२ − ०.००३४) ÷ ०.७५७ = १.०२९ मिग्रॅ/मिली
५० मिली फ्लास्कमधलं इथेनॉल = १.०२९ × ५० = ५१.४ मिग्रॅ
पूर्ण १०० मिलीमधलं = ५१.४ × (१०० ÷ ५) = १०२८.५ मिग्रॅ
वजनाने टक्के = १०२८.५ ÷ १४१२.० × १०० = ७२.८
```

(मधले आकडे छापताना गोल केले आहेत, हिशोब करताना शेवटपर्यंत सगळे दशांश ठेवा.)

लेबलवर ८० आहे आणि आपल्याला ७२.८ मिळालं म्हणून घाबरू नका. लेबल आकारमानाचे टक्के सांगतं, आपण वजनाचे काढले. नमुन्याची घनता २० अंशांना ०.८६३ मिळाली असं धरा. शुद्ध इथेनॉलची ०.७८९३. मग ७२.८४ गुणिले ०.८६३ भागिले ०.७८९३, म्हणजे ७९.६ टक्के. नवशिक्यांच्या निम्म्या तरी फेरतपासण्या या एका रूपांतरापायी होतात, असा माझा अंदाज आहे.

दहा नमुन्यांनंतर मधला स्टँडर्ड पुन्हा एकदा इंजेक्ट करा. त्यातून काढलेली तीव्रता ०.९८ ते १.०२ च्या बाहेर गेली तर मी मधले नमुने धरत नाही. तुमच्या प्रयोगशाळेची मर्यादा वेगळी असेल तर ती पाळा. वायल उघडी राहिली असेल तर आधी तिच्यावर संशय घ्या, कारण इथेनॉल आणि प्रोपेनॉल सारख्या वेगाने उडत नाहीत आणि गुणोत्तर हळूहळू सरकतं.

प्रोपेनॉलचा एरिया प्रत्येक इंजेक्शनला वहीत लिहा, गुणोत्तर कितीही सुंदर असलं तरी. तो पाच-सात टक्के इकडेतिकडे होणं म्हणजे तुमचा हात. तो अचानक निम्म्यावर आला तर सुई बुजलीय किंवा सेप्टम गळतोय. अशा वेळी गुणोत्तर कदाचित जागेवरच असेल, आणि मोह होतो की चालू द्यावं. चालू देऊ नका. गळती वाढत गेली की हलका पदार्थ आणि जड पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात निसटू लागतात, आणि ते कधी सुरू झालं हे नंतर सांगता येत नाही. आणि एका नमुन्यात प्रोपेनॉलचा एरिया दुप्पट दिसला, बाकीच्यांत नाही, तर बहुधा त्या फ्लास्कमध्ये पिपेट दोनदा रिकामी झालीय. तो फ्लास्क ओतून द्या, नवा बनवा.

आपोआप इंजेक्शन मारणारा ऑटोसॅम्पलर असेल तर हा खटाटोप करायचा का? तो सुई इतक्या झटक्यात आत-बाहेर करतो की नुसत्या एरियाचं विचलन बऱ्याचदा टक्क्याच्या आत असतं. मग दुसऱ्या पीकचं इंटिग्रेशन आणि एक जास्तीचं पिपेटिंग यांनी भर पडते ती चुकांचीच. पाच इंजेक्शनं मारा, नुसत्या एरियाचं आणि गुणोत्तराचं, दोन्हींचं विचलन काढा. गुणोत्तराचं ठळकपणे कमी असेल तरच इंटर्नल स्टँडर्ड ठेवा. दोन्ही सारखीच असतील तर मी तरी साधं बाह्य स्टँडर्ड, म्हणजे दुसरा पदार्थ न मिसळता नुसत्या इथेनॉलच्या एरियाची तुलना, वापरतो आणि तो वेळ वजनं नीट घेण्यात घालवतो.